आधी प्यादी, मग राजा
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावर एखाद्या विद्वानाने बोलावे, अशी आपली परंपरा आहे. मी केंद्र सरकारच्या सेवेत फाइलींवर शेरे मारण्यात उभे आयुष्य घालविलेला एक साधा पदवीधर. बुद्धिबळात माझ्या नावावर एकही पदक नाही. तरीही कार्यकारिणीने मला उभे केले, ते आपल्या मंडळाच्या दिवाणखान्यात दर रविवारी सकाळी आठ वर्षांच्या मुलांसाठी जो बुद्धिबळाचा वर्ग भरतो, त्याची हकीकत सांगण्यासाठी. त्या वर्गात माझे दोनदा चुकले, आणि त्या दोन चुकांतून जे हाती लागले तेवढेच आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

वर्गाचा आरंभ कसा झाला, हे आपणांपैकी अनेकांना स्मरत असेल. २०२२ साली मामल्लपुरमला बुद्धिबळाचे ऑलिम्पियाड भरले. चेन्नईतल्या नेपियर पुलाला काळ्यापांढऱ्या घरांचा रंग दिलेला पाहून आलेली आपली मुले घरी स्वस्थ बसेनात. या नगराला बुद्धिबळाचे वेड काही नवे नाही. भारताचे पहिले आंतरराष्ट्रीय मास्टर मॅन्युएल आरोन यांनी याच नगरात ताल चेस क्लबमध्ये मुलांच्या पिढ्या घडविल्या, आणि विश्वनाथन आनंद त्याच क्लबात खेळून मोठे झाले. अशा नगराच्या उंबरठ्यावर राहून आपली मुले पटापासून दूर का राहावीत, असा प्रश्न पालकांनी केला; मंडळाने सहा पट विकत घेतले; आणि "साहेब, आपल्याला येते ना, मग आपणच शिकवा," असे म्हणून ते माझ्या स्वाधीन केले.

पहिल्या रविवारी एकोणीस मुले आली. मी जसा शिकलो होतो, तसेच शिकविले. बत्तीस मोहरी मांडली. हत्ती सरळ, उंट तिरका, घोडा अडीच घरे, वजीर दोन्ही प्रकारे, राजा एक घर, असे दीड तासात सर्व सांगून टाकले आणि मुलांना खेळावयास बसविले. महिन्याभराने वर्गात सहा मुले उरली.

उरलेल्या सहांजणांकडे मी नीट पाहू लागलो, तेव्हा माझी चूक मला दिसली. तासाभरात एकही डाव संपत नव्हता. चौथ्यापाचव्या चालीला कोणाचा तरी वजीर फुकट जाई, मग दुसऱ्याचा हत्ती जाई, आणि शेवटी दोन राजे व एकदोन मोहरी रिकाम्या पटावर भटकत राहत. मात कशी करावयाची, हे दोघांनाही ठाऊक नसे. कोण जिंकले, असे विचारले तर "ज्याच्याकडे जास्त मोहरी तो," असे उत्तर येई. सहा मोहऱ्यांच्या सहा निरनिराळ्या चाली लक्षात ठेवण्यातच मुलाची सारी शक्ती खर्च होत होती. पुढे काय होईल, याचा विचार करावयास जागाच राहत नव्हती. शिवाय, आपण जिंकलो वा हरलो ते नेमक्या कोणत्या चालीमुळे, हे शोधणे माझ्यासारख्या जाणत्यालाही कठीण व्हावे एवढा गुंता त्या डावात असे. जो डाव संपत नाही आणि ज्याचे कारण सापडत नाही, त्यातून आठ वर्षांच्या मुलाने शिकावे तरी काय?

आपल्या वसाहतीत भाषेची एक अडचण याहून वेगळी आहे. आपली मुले घरी मराठी, अंगणात तमिळ आणि शाळेत इंग्रजी बोलतात. मराठीत ज्याला आपण वजीर म्हणतो, तो म्हणजे मंत्री. परंतु तमिळ मुले ज्याला 'मंदिरी' म्हणतात तो आपला उंट! "मंत्री हलव," असे कोणी म्हणाले की एकाचा हात एका मोहऱ्याकडे जाई आणि दुसऱ्याचा भलत्याच. प्याद्याची गोष्ट मात्र तशी नाही. प्यादे म्हणजे पायदळातला शिपाई, आणि तमिळमध्येही तो शिपाईच. जे मोहरे सर्वांना एकाच नावाने कळते, ज्याची चाल दोन वाक्यांत सांगून होते, त्याच्यापासूनच आरंभ का करू नये, हा विचार मनात आला.

त्याला एका जुन्या ग्रंथाचा आधारही होता. क्यूबाचे जगज्जेते कापाब्लांका यांचे बुद्धिबळाच्या मूलतत्त्वांवरील पुस्तक १९२१ साली प्रसिद्ध झाले. त्याचा आरंभ बत्तीस मोहऱ्यांनी होत नाही. एकदोन मोहऱ्यांनी मात कशी करावी आणि प्याद्याचा वजीर कसा करावा, या रिकाम्या पटावरच्या गोष्टी ते आधी सांगतात. आधी थोडे, आणि तेवढे पुरते, हे त्यांचे सूत्र मी उचलले. आठ वर्षांच्या मुलासाठी मात्र मी त्याहूनही मागे गेलो आणि पटच लहान केला.

२०२३ च्या जूनमध्ये दुसरा वर्ग सुरू केला, तेव्हा पट कपाटातच ठेवले. दिवाणखान्याच्या फरशीवर खडूने तीन ओळींत तीनतीन अशी नऊ घरे आखली. खालच्या ओळीत तीन पांढरी प्यादी, वरच्या ओळीत तीन काळी, आणि मधली ओळ रिकामी. प्यादे पुढच्या घरात सरळ जाते, ते घर रिकामे असेल तरच. शत्रूला मारताना ते तिरके पुढे जाते, तेथे शत्रू असेल तरच. मागे कधीही येत नाही. जिंकण्याच्या वाटा तीन: आपले एक प्यादे समोरच्या शेवटच्या ओळीत पोचावे, किंवा शत्रूची सर्व प्यादी मारावीत, किंवा शत्रूची पाळी असताना त्याला एकही चाल उरू नये. गणिती कोड्यांचे प्रसिद्ध लेखक मार्टिन गार्डनर यांनी १९६२ साली हा खेळ एका अमेरिकन मासिकातून लोकांपुढे मांडला होता. आमच्या मुलांनी त्याचे नाव 'नऊ घरे' असे ठेवले.

या खेळाचा पहिला गुण असा, की तो दोन मिनिटांत संपतो. पाऊण तासात मुलाचे दहाबारा डाव होतात. हरण्याचे दुःख पुढचा डाव मांडेपर्यंत टिकते, त्याहून अधिक नाही. दुसरा गुण असा, की चूक उघडी पडते. सरळ चालणारे आणि तिरके मारणारे मोहरे पटावर हे एकच आहे. त्यामुळे मुले पहिल्या दिवशी हटकून दोन चुका करतात. समोरच्या प्याद्याला सरळ जाऊन मारतात, किंवा कोणी नसताना तिरके सरकतात. बत्तीस मोहऱ्यांच्या गर्दीत ही चूक कोणाच्या ध्यानात येत नाही. नऊ घरांत मात्र समोर बसलेला गडीच ताबडतोब ओरडतो. मला शिट्टी वाजवावी लागत नाही.

पण या खेळाचे खरे शिक्षण कोठे आहे, हे मला त्या वर्गातल्या एका मुलीने दाखविले. तिचे वडील अंबरनाथहून बदलून आलेले. ती आठ वर्षांची, अबोल, आणि पहिले दोन रविवार सतत हरणारी. तिसऱ्या रविवारी ती माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "काका, पांढरी तुम्ही घ्या. पहिली चाल तुमची." मी हरलो. पुन्हा मांडले, पुन्हा तिने मला पांढरी दिली, पुन्हा मी हरलो. तिसऱ्या वेळी मी म्हटले, "आता पांढरी तुझी." तिने मान हलविली. "नको. मागून येणाराच जिंकतो."

बंधुभगिनींनो, ही गोष्ट खरी आहे. नऊ घरांच्या खेळात दोघेही अचूक खेळले, तर दुसऱ्याने खेळणारा जिंकतो. मला ते वाचून ठाऊक होते. तिने ते खेळून शोधले होते. कसे, ते सविस्तर सांगतो. आपल्या घरी फरशीवर तीन पांढरी व तीन काळी बटणे मांडून पाहिलेत, तर पाच मिनिटांत उमगेल. उभ्या ओळींना डावीकडून क, ख, ग म्हणू, आणि आडव्या ओळींना पांढऱ्याच्या बाजूने एक, दोन, तीन.

समजा, पांढऱ्याने मधले प्यादे पुढे सारून ख-दोनवर आणले. काळ्याने आपल्या क-तीनच्या प्याद्याने ते मारले आणि ते प्यादे आता ख-दोनवर बसले. पांढऱ्याने आपल्या क-एकच्या प्याद्याने त्याला उलट मारले. आता पाहा: पांढऱ्याची प्यादी ख-दोन व ग-एकवर, काळ्याची ख-तीन व ग-तीनवर, आणि पाळी काळ्याची. काळ्याचे ख-तीनचे प्यादे समोरच्याने अडविलेले आहे. ग-तीनच्या प्याद्याला मात्र दोन वाटा आहेत. एक, तिरके जाऊन ख-दोनवरचे पांढरे प्यादे मारणे. दुसरी, मुकाट्याने एक घर पुढे, ग-दोनवर जाणे.

दहापैकी नऊ मुले येथे मारतात. मारता येते म्हणून मारतात. आणि त्याच क्षणी हरतात. कारण पांढऱ्याचे ग-एकचे प्यादे ख-दोनवर येऊन त्या मारणाऱ्याला मारते, आणि काळ्याचे उरलेले एकुलते एक प्यादे ख-तीनवर त्याच्यासमोर अडकून पडते. चालच उरत नाही. आता दुसरी वाट पाहा. काळा काही न मारता ग-दोनवर जातो. पांढऱ्याचे ग-एकचे प्यादे त्याने अडविले. ख-दोनचे प्यादे ख-तीनच्या काळ्याने आधीच अडविलेले. तिरके मारावे तर तेथे कोणी नाही. पांढऱ्याला चाल नाही, काळा जिंकला.

पांढऱ्याने ग-एकच्या प्याद्याने उलट मारले असते, किंवा पहिली चाल मधल्याऐवजी कडेच्या प्याद्याची केली असती, तरी काळ्याला जिंकण्याची वाट सापडते. ती मी आपल्याला सांगत नाही. नातवंडांबरोबर शोधण्यासाठी ठेवून देतो. माझा मुद्दा एवढाच, की 'मारता येते म्हणून मारू नये, मारल्यानंतर समोरचा काय करील ते आधी पाहावे' हा पाठ मी पहिल्या वर्गात तोंडाने पन्नास वेळा दिला होता आणि तो कोणाच्याही कानात शिरला नव्हता. तोच पाठ सहा प्याद्यांनी एका सकाळी दिला. मुलाला तो कळला की नाही, हे ओळखण्याची खूणही सोपी आहे. त्या जागी आल्यावर त्याचा हात प्याद्यापर्यंत जातो आणि तसाच हवेत थांबतो. तो थांबलेला हात दिसला, की मी त्या मुलाला पुढच्या खेळाला बसवितो, तोवर नाही.

पुढचा खेळ म्हणजे प्याद्यांची लढाई. आता कपाटातला पट काढावयाचा, पण मोहऱ्यांपैकी दोन्ही बाजूंची आठ आठ प्यादीच मांडावयाची, आपापल्या नेहमीच्या घरांत. पहिल्या चालीला प्यादे दोन घरे उडी घेऊ शकते, हा एक नवा नियम. जो समोरच्या शेवटच्या ओळीत आधी पोचेल तो जिंकला. येथे मी एक नियम बदलतो. ज्याची पाळी त्याला चाल उरली नाही, तर डाव बरोबरीत सुटतो. कारण खऱ्या बुद्धिबळात शह नसताना चाल संपली, तर बरोबरीच होते. हा बदल नऊ घरांहून पटावर येतानाच ठणकावून सांगितला पाहिजे. आरंभी मी तो सांगितला नाही, आणि पुढे कित्येक महिने काही मुले "त्याला चाल नाही, म्हणजे मी जिंकलो," असे भांडत राहिली.

प्याद्यांच्या लढाईत मुलाला मोजावे लागते. आपल्या घरातल्या प्याद्याला, उडी धरून, वजीर होण्यास पाच चाली लागतात. माझे मोकळे प्यादे तीन चालींत पोचते आणि शत्रूचे चार चालींत, तर मी अडवावयास जाऊ की धावत सुटू? हे मोजणे बोटांवर होते, आणि पुढे आयुष्यभर पटावर उपयोगी पडते. 'वाटेत मारणे' हा जो विचित्र नियम मोठ्यांनाही समजावताना घाम फुटतो, तो येथे मुले स्वतःच मागून घेतात. एकाचे प्यादे पाचव्या ओळीपर्यंत येऊन दबा धरून बसलेले असते, शेजारच्या ओळीतले शत्रूचे प्यादे दोन घरांची उडी घेऊन त्याच्या तडाख्यातून निसटते, आणि पहिला मुलगा तक्रार करतो, "काका, तो पळाला! एक घर आला असता तर मी मारला असता." मग मी म्हणतो, "बरोबर आहे तुझे. तो एकच घर आला असे समज आणि मार. मात्र लगेच, पुढच्या पाळीला नाही." नियम सांगून झाला.

येथे आजोबामंडळींची एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्याकडच्या जुन्या देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर जाई, आणि शेवटच्या ओळीत पोचल्यावर ज्या मोहऱ्याच्या ओळीत पोचले ते मोहरे होई. हत्तीच्या ओळीत पोचले तर हत्ती, घोड्याच्या ओळीत पोचले तर घोडा. दोन मुलांना घरी आजोबांनी असेच शिकविले होते, आणि वर्गात त्यावरून वाद झाला. मी आजोबांना चूक म्हटले नाही. तो आपला जुना डाव, हा आजचा जगाचा डाव. घरी तो खेळा, येथे हा, असे सांगितले. त्या दिवशी घरी जाऊन एका मुलाने आजोबांना प्याद्यांची लढाई शिकविली, असे ऐकतो.

प्याद्यांच्या लढाईतला एक डाव मी मुलांना मुद्दाम मांडून देतो. पटाच्या डाव्या कडेला पांढऱ्याची तीन प्यादी शेजारीशेजारी पाचव्या ओळीत, आणि काळ्याची तीन त्यांच्यासमोर सातव्या ओळीत, आपल्या मूळ घरांत. पाळी पांढऱ्याची. मधे एकच ओळ रिकामी. दिसावयास सारे बंद आहे. पांढरा मधले प्यादे पुढे ढकलतो आणि ते बळी देतो. काळ्याने ते कडेच्या प्याद्याने मारले, तर पांढरा दुसऱ्या बाजूचे प्यादे पुढे करून तेही बळी देतो. काळ्याने ते मारताच कडेची ओळ मोकळी होते आणि पांढऱ्याचे तिसरे प्यादे धावत जाऊन वजीर होते. काळ्याने पहिला बळी दुसऱ्या बाजूने घेतला, तर पांढरा कडेचे प्यादे आधी देतो आणि उजवीकडचे धावते. दोन गमावून एक पोचविणे! नऊ घरांत 'मारू नये' हे शिकलेल्या मुलांना येथे 'मारवून घ्यावे' हे कळते, आणि ज्यांना कळते त्यांच्या चेहऱ्यावरचे भाव पाहण्यासारखे असतात.

यानंतर मी एकेक मोहरे आणत गेलो. एका बाजूला एकटा हत्ती, दुसऱ्या बाजूला तीन प्यादी. मग उंट आणि तीन प्यादी. मग एकटा वजीर आणि आठ प्यादी. सर्वांत शेवटी घोडा, कारण त्याची चाल डोळ्यांना सर्वांत उशिरा दिसते. प्रत्येक खेळ एकाच मोहऱ्याचा, प्रत्येकाचा निकाल स्पष्ट: सारी प्यादी मारली तर मोहरे जिंकले, एक जरी पोचले तर प्यादी जिंकली. प्रत्येक जोडीने बाजू बदलून दोनदा खेळावयाचे, म्हणजे "मला दुबळी बाजू मिळाली," ही तक्रार राहत नाही. या क्रमाने तीन महिने गेले, आणि राजा अजून कपाटातच होता.

येथे माझी दुसरी चूक झाली. त्या मुलीचे वडील एका रविवारी मला म्हणाले, "साहेब, रागावू नका; पण तीन महिने झाले, पोरगी अजून प्यादीच ढकलते आहे. शेजारचा मुलगा स्पर्धेला जाऊन आला." त्यांचे म्हणणे मला लागले. मी घाईने राजा आणला, शह आणि मात यांचे नियम एका सकाळी सांगितले, आणि पुढच्याच रविवारी तिचा पहिला पूर्ण डाव त्या शेजारच्या मुलाशी लावून दिला. वडील समोर खुर्ची घेऊन बसले.

तिच्याकडे काळी मोहरी होती. पांढऱ्याने राजापुढचे प्यादे दोन घरे सारले. तिने डाव्या हत्तीपुढचे प्यादे दोन घरे सारले. पांढऱ्याचा उंट बाहेर आला. तिने उजव्या हत्तीपुढचे प्यादे सारले. कडेची प्यादी मोकळी करून पुढे न्यावयाची, हे तिला लढाईने शिकविले होते. पांढऱ्याचा वजीर उंटापुढच्या ओळीत येऊन उभा राहिला. तिने कडेचे प्यादे आणखी एक घर पुढे नेले. वजिराने राजाच्या उंटापुढचे प्यादे मारले, मागून उंटाचा आधार होता, आणि मात झाली. चार चालींत! ती पटाकडे पाहत राहिली. रडली नाही. पण तिचे वडील उठून बाहेर गेले, आणि मला मान वर करवेना.

दोष तिचा नव्हता. माझ्या क्रमाचा होता. राजाच्या उंटापुढचे प्यादे आरंभी एकट्या राजाच्याच आधारावर असते, म्हणून नवख्याचा घात तेथेच होतो. प्याद्यांची लढाई हे शिकवूच शकत नाही, कारण तिच्यात राजा नाही. उलट, ती एक वाईट सवय लावते: पूर्ण डावातही मूल प्यादीच ढकलत राहते, कडेपासून आरंभ करते, आणि घोडे व उंट घरातच झोपून राहतात. ज्या मुलांनी प्याद्यांचा खेळ फार दिवस खेळला, त्यांच्यात ही सवय अधिक घट्ट झालेली मला दिसली. तेव्हा तीन महिने राजाला कपाटात ठेवणे, हे पहिल्या दिवशी बत्तीस मोहरी मांडण्याइतकेच चूक होते. वडिलांची तक्रार घाईची होती, पण अगदी निराधार नव्हती.

त्यानंतर मी क्रम बदलला, आणि तो आजतागायत चालू आहे. पहिला व दुसरा रविवार नऊ घरे. तिसरा व चौथा प्याद्यांची लढाई. पाचव्या रविवारीच दोन्ही राजे पटावर येतात: राजा आणि आठ प्यादी प्रत्येकी. या खेळात राजा मरत नाही, शहातून त्याला निघावेच लागते, हे मुले इतर मोहऱ्यांच्या गोंधळाशिवाय शिकतात. आणि राजा स्वतः चालून जाऊन प्यादी अडवू शकतो, हेही पाहतात. मग एकेक मोहऱ्याचे खेळ, पण प्रत्येकात राजा हजर. त्यानंतर दोन हत्तींनी एकट्या राजाला पायरी पायरीने कडेला ढकलून मात करण्याचा खेळ, आणि मग वजीर व राजा यांनी. दहाव्या रविवारी ती चार चालींची मात मी स्वतः मुलांना दाखवितो, दोन्ही बाजूंनी खेळवितो, आणि ती कशी चुकवावी ते त्यांनाच शोधावयास लावतो. बाराव्या रविवारी बत्तीस मोहरी. अद्याप एखादे मूल मध्येच कंटाळून सोडून जाते. प्याद्यांचा खेळ सर्वांनाच रुचतो, असा माझा दावा नाही. पण संपत नाही असा डाव आता माझ्या वर्गात क्वचित दिसतो.

आपल्या वसाहतीत या क्रमाचा आणखी एक उपयोग आहे. आपली मुले बदलीवर जातात आणि येतात. अंबरनाथ, खडकी, वरणगाव, भद्रावती येथून वर्षाच्या मधेच एखादे कुटुंब येते, एखादे निघून जाते. जो अभ्यासक्रम वर्षभर चालल्याखेरीज काहीच हाती देत नाही, तो अशा मुलांच्या काय कामाचा? येथे दोनच रविवार आलेले मूलदेखील एक पुरा खेळ घेऊन जाते.

त्या मुलीचे सांगून संपवितो. पराभवानंतरच्या रविवारी ती येणार नाही, असे मी धरून चाललो होतो. ती आली, वडीलच तिला घेऊन आले. ती त्याच मुलासमोर बसली, आणि या वेळी चौथ्या चालीला तिचा हात कडेच्या प्याद्यावर गेला, थांबला, आणि मागे आला. तिने घोडा काढला. डाव सव्वा तास चालला. अखेरीस ती हरलीच. तिचा एक हत्ती वाटेत फुकट गेला होता. पण कोणत्या चालीला गेला, हे तिने मला पट मागे नेऊन अचूक दाखविले. वडिलांनी ते पाहिले. जाताना ते मला एवढेच म्हणाले, "साहेब, हे मला येत नाही."

पुढल्या वर्षी त्यांची बदली झाली. गुकेश या चेन्नईच्या तरुणाने २०२४ च्या डिसेंबरात अठराव्या वर्षी जगज्जेतेपद मिळविले, त्या रात्री त्या गृहस्थांचा दूरध्वनी आला. मला वाटले, मुलीला मोठ्या प्रशिक्षकाकडे घालण्याविषयी विचारतील. त्यांनी विचारले, "साहेब, त्या नऊ घरांच्या खेळात पांढऱ्याने कडेचे प्यादे आधी काढले, तर काळ्याने काय करायचे? पोरगी धाकट्याला शिकवते आहे, आणि मला सांगत नाही."

मीही सांगितले नाही. आपणही घरी जाऊन शोधून पाहावे, एवढीच विनंती.